सात साती एकोणपन्नास, हातचे पाच

प्रश्न: मी पाचवीला गणित शिकवते. वही तपासताना चुकलेल्या गणितावर खूण करते, फळ्यावर परत समजावते, मुलं माना डोलावतात आणि दोन दिवसांनी तीच चूक पुन्हा दिसते. चूक नेमकी कुठून सुरू होते ते वहीवरून कळत नाही. “कसं केलंस ते सांग” म्हटलं तर मूल गप्प होतं, नाहीतर लगेच खोडून दुसरंच उत्तर लिहितं. बोलतं करून चुकीची नेमकी पायरी कशी शोधायची?

उत्तर:

माझ्या वर्गातल्या एका मुलीपासून सुरुवात करते, कारण हे काम मी तिच्याकडूनच शिकले. पाचवीतली मुलगी. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने गुणायची पंधरा गणितं दिली होती. बारा बरोबर, तीन चूक. चुकलेली तीन अशी होती: ३८७ × ७ = २७१९, १९७ × ७ = १३८९ आणि १९८ × ४ = ८९२. खरी उत्तरं २७०९, १३७९ आणि ७९२. ती हातचे वर लिहीत नसे, बोटांवर धरत असे. म्हणून वहीत फक्त उत्तर दिसत होतं.

पहिल्या गणितात छप्पन्न आणि चार मिळवताना साठऐवजी एकसष्ट झाले असावेत, असं मी धरलं. म्हणजे बेरजेतली घाई. पण ती आधीच्या आठवड्यातही अशीच दोन-तीन गणितं चुकली होती, म्हणून “हातचा कच्चा आहे” असंही मनात होतं. मग मी तिला हातच्यांचा धडा पुन्हा दिला. काड्यांचे गठ्ठे करून दहा सुट्यांचा एक दशक होतो ते दाखवलं. तिने सगळं बरोबर सांगितलं, कारण ते तिला येतच होतं. चार दिवसांनी पुन्हा पंधरातली तीन चुकली.

शेवटी तिला मधल्या सुट्टीआधी जवळ बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, “हे ३८७ गुणिले ७ पुन्हा कर. करताना मनात जे जे म्हणतेस ते मला ऐकू येईल असं म्हण.”

ती म्हणाली, “सात साती एकोणपन्नास. नऊ लिहिले, हातचे पाच. सात अठ्ठे छप्पन्न, छप्पन्न नि पाच एकसष्ट, एक लिहिला, हातचे सहा. सात त्रिक एकवीस, एकवीस नि सहा सत्तावीस. दोन हजार सातशे एकोणीस.”

पाढा बरोबर आहे. बेरीज बरोबर आहे. हातचा पुढच्या घरात नेऊन मिळवायचा हेही बरोबर आहे. चूक फक्त दोन शब्दांची आहे: “हातचे पाच.” मी ज्या बेरजेवर संशय घेत होते ती तिने एकदाही चुकवली नव्हती. गणित पूर्ण होऊ दिल्यावर मी विचारलं, “हातचे पाच कुठून आले?” तिला प्रश्नच विचित्र वाटला. “एकोणपन्नास ना बाई. पन्नास.”

“एकोणपन्नास लिही बरं.” तिने ५९ लिहिले. एकोणसाठ? ६९. एकोणचाळीस? ४९. सत्तावन्न? ५७, बरोबर. मग ४९ लिहून वाचायला सांगितलं, तर म्हणाली एकोणचाळीस. एकोणीस आणि एकोणतीस मात्र दोन्हीकडून बरोबर आले. माझा अंदाज असा की हे दोन आकडे फळ्यावरच्या तारखेत लिहिले जातात. एकोणचाळीस तारीख कधी येत नाही.

या मुलीला काय झालं होतं ते नीट पाहा. मराठीत पंचेचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येतं आणि दशकात ४ असतो. सत्तावन्न, अठ्ठावन्न म्हणताना पन्नासाचा ‘वन्न’ ऐकू येतो आणि दशकात ५ असतो. म्हणजे “नावात जो दशक ऐकू येतो तोच दशकस्थानी लिहायचा” हा नियम शंभरातल्या बहुतेक संख्यांना लागू पडतो. तो तिला कोणी शिकवला नव्हता. तिने ऐकून ऐकून स्वतः बांधला होता, आणि चांगला बांधला होता. तो मोडतो फक्त एकोण-च्या नावांत, कारण तिथे भाषा पुढच्या दशकाचं नाव घेते आणि त्यातून एक उणा करते. नव्व्याण्णवमध्ये तोच नियम पुन्हा चालतो, म्हणून ९९ तिला कधीच अडलं नव्हतं.

एक ते नऊच्या पाढ्यांत एकोण-चा गुणाकार एकच आहे, सात साती. बाकी ठिकाणी तो हातचा मिळवल्यावर उगवतो. १९८ × ४ मध्ये चार नवे छत्तीस आणि हातचे तीन मिळून एकोणचाळीस होतात. म्हणून पंधरातली बारा गणितं बरोबर यायची. म्हणून चूक कधी दशकात, कधी शतकात दिसायची आणि वहीवर कसलीच संगती लागायची नाही. ज्या दिवशी गणितात एकोण- आलं नाही त्या दिवशी ती हुशार, आलं त्या दिवशी धांदरट, असं माझं मत होतं. तिने हातचे वर लिहिले असते तर मला आठाच्या डोक्यावर पाच दिसले असते आणि मी म्हटलं असतं, “अगं, चार लिही.” ती चार लिहून मोकळी झाली असती. पाच का आले, ते तरीही कागदावर कुठेच नव्हतं. ते फक्त तिच्या आवाजात होतं.

संख्यांच्या नावांची ही अडचण आपल्याकडे जाहीरपणे बोलली गेली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीसबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली होती. त्या वादात तुमचं मत काहीही असो, पाचवीच्या वर्गात हातच्यांची चूक दिसली की ती हातच्यांचीच आहे असं धरू नका. मूल मनातल्या मनात मराठी नावांनी गणित करतं आणि कागदावर अंक उतरवतं. नावापासून अंकापर्यंतची ती उडी वहीत कधीच दिसत नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर “तू मनात कोणत्या भाषेत मोजतोस?” हे मी आधीच विचारून घेते. पाढे घरी मराठीत आणि शाळेत इंग्रजीत म्हणणारी मुलं एकाच गणितात दोन्ही वापरतात.

ऐकल्यावर लगेच शिकवायला धावू नका, ही मला उशिरा कळलेली गोष्ट. आधी आपला अंदाज तपासायचा. मूल कुठे चुकणार आणि कोणतं चुकीचं उत्तर देणार हे आधी कागदावर लिहून ठेवता आलं, तरच चूक सापडली असं म्हणावं. त्या मुलीला मी दोन गणितं दिली, १७५ × ८ आणि १७४ × ८. पहिल्यात एकोण- कुठेच येत नाही: आठ पंचे चाळीस, मग छप्पन्न नि चार साठ, मग आठ नि सहा चौदा. तिथे ती १४०० बरोबर काढील. दुसऱ्यात छप्पन्न नि तीन एकोणसाठ होतात, तिथे ती हातचे सहा घेईल आणि १३९२ऐवजी १४९२ लिहील. तिने नेमकं तेच लिहिलं. १४००, १४९२.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून मी एवढंच विचारलं, “एकशे पंचाहत्तर आठा चौदाशे. एकशे चौऱ्याहत्तर आठा त्याहून जास्त कसे?” ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, “हे कमी यायला पाहिजे.” कुठे बिघडलं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे तिचं तिला दिसलं. त्यानंतर मी शंभरापर्यंतचा तक्ता काढला. पन्नासवर बोट ठेवायला सांगितलं, एक घर मागे जायला सांगितलं आणि ‘एकोण’ म्हणजे एक उणा हे सांगितलं. पन्नासाला एक उणा, साठाला एक उणा. तिने प्रत्येक एकोण- असा फोडून म्हटला. दहा मिनिटं लागली. पुढचे आठ-दहा दिवस रोज एक गणित मुद्दाम एकोण- येईल असं देत राहिले, कारण तीन वर्षं चाललेली सवय एका दिवसात जात नाही. हातच्यांचा धडा मात्र पुन्हा काढावा लागला नाही.

आता तुमची मुख्य अडचण: मूल बोलतच नाही. बहुतेकदा आपण प्रश्न चुकीच्या गणितावर विचारतो म्हणून. शाळेत मूल पहिल्या वर्षीच शिकतं की बाईंनी “कसं केलंस?” विचारलं म्हणजे चुकलंय. मग खोडरबर आपोआप हातात येतो. ही सवय मोडायला मी बरोबर आलेल्या गणितांवर जास्त वेळा विचारते. तीन बरोबर, मग एक चूक, मग पुन्हा एक बरोबर, असं मिसळून. आवाज आणि चेहरा पाचही वेळा तसाच ठेवते. बरोबर पायरीला “छान” म्हटलं की पुढच्या पायरीला आपण गप्प राहिल्याबरोबर मूल समजतं आणि तिथेच बदलतं. म्हणून मी “हं” किंवा “पुढे?” एवढंच म्हणते. खोडरबर माझ्याकडे घेते आणि पेननं लिहायला देते. चुकलं वाटलं तर वर एक रेघ मार आणि खाली लिही, असं सांगते. रेघ मारलेलं मला हवंच असतं.

दुसरं, “का” हा शब्द टाळा. “इथे पाच का घेतलेस?” या प्रश्नाला मूल कारण देत नाही, सफाई देतं. त्याऐवजी गणित पुन्हा करायला द्या आणि करता करता म्हणायला सांगा. झालेल्या गणिताचं स्पष्टीकरण आणि होत असलेल्या गणिताचं म्हणणं यात मोठा फरक आहे. स्पष्टीकरण देताना मूल तुम्हाला ऐकायला आवडेल ते जुळवतं, बहुतेकदा तुमचीच फळ्यावरची वाक्यं. करता करता म्हणताना जुळवायला वेळ नसतो. “कुठून आले?” किंवा “त्याच्या आधी काय म्हणालास?” हे प्रश्न चालतात, कारण ते मागच्या पायरीकडे बोट दाखवतात.

तिसरं, थांबणं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली होती. त्यांचं १९७४ सालचं लेखन याविषयी आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंद किंवा अधिक केला की मुलांची उत्तरं लांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण गप्प बसलेल्या मुलासमोर ते फार लांब वाटतात. मी मनात सावकाश पाचपर्यंत मोजते.

आणि चुकीची पायरी ऐकू आली तरी मध्ये बोलू नका. शेवटपर्यंत जाऊ द्या. एकतर पुढे दुसरी चूक असू शकते. दुसरं म्हणजे, पहिल्या चुकीनंतर मुलाने जे केलं ते त्या चुकीच्या आकड्याला धरून बरोबर केलं का, हे कळायला हवं. त्या मुलीने छप्पन्न नि पाच एकसष्ट बरोबर केले, म्हणून बेरीज पक्की आहे हे मला कळलं. मी “हातचे पाच?” म्हणून तिथेच अडवलं असतं तर तिने “नाही, चार” म्हटलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. माझ्या मांडीवर एक छोटी वही असते. त्यात मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहिते, दुरुस्त न करता. “हातचे पाच” असं लिहायचं. “हातच्यात चूक” असं लिहिलंत तर तो तुमचा निष्कर्ष झाला, मुलाचं म्हणणं हरवलं.

शाब्दिक उदाहरणांत चूक आकडेमोडीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असू शकते, त्यामुळे तिथे ऐकण्याचा क्रम थोडा वेगळा ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली यासाठी एक साधी रीत मांडली. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगायचं. मग ते काय विचारतंय ते सांगायला लावायचं. मग उत्तर कसं काढशील ते, मग प्रत्यक्ष काढून दाखवायचं, आणि शेवटी उत्तर लिहायचं. वाचणं, समजणं, गणितात मांडणं, आकडेमोड, लिहिणं अशा पाच पायऱ्या. ज्या पायरीवर मूल पहिल्यांदा घसरतं, तिथे चूक सुरू झाली.

माझ्या वर्गात दिलेलं उदाहरण असं होतं: “राजूकडे ४२ गोट्या आहेत. राजूकडे मीनापेक्षा १५ गोट्या जास्त आहेत. तर मीनाकडे किती गोट्या आहेत?” निम्म्याहून जास्त वर्गाने ५७ लिहिलं. कागदावर सगळ्यांचं सारखंच, ४२ + १५ = ५७, सुबक मांडणी, बेरीज बिनचूक. मी त्यातल्या दोघांना एकेक करून बसवलं.

पहिल्या मुलाने नीट वाचलं. मग म्हटलं, “आता वही न बघता मला गोष्टीसारखं सांग.” तो म्हणाला, “राजूकडे बेचाळीस गोट्या आहेत. मीनाकडे पंधरा जास्त आहेत.” वाक्यातलं “मीनापेक्षा” त्याच्या हातून निसटलं होतं. त्याने ज्या गोष्टीचं गणित केलं त्या गोष्टीचं उत्तर ५७ बरोबरच आहे. त्याची चूक दुसऱ्या पायरीवर, भाषेत. त्याच्यासाठी मी “पेक्षा”ची वाक्यं घेतली, आकडे नसलेली: “आंबा पेरूपेक्षा गोड आहे. कोण जास्त गोड?” मग दोन मुलांना शेजारी उभं करून “ही त्याच्यापेक्षा उंच आहे” हेच उलटं करून कसं म्हणायचं ते घेतलं. गणिताला हात न लावता दोन दिवसांत तो सुटला.

दुसऱ्या मुलीने गोष्ट अगदी बरोबर सांगितली. “राजूकडे जास्त आहेत, मीनाकडे कमी.” मी विचारलं, मग मीनाच्या गोट्या काढायला काय करशील? “बेरीज.” थांबले. तिने स्वतःच पुढे सांगितलं, “जास्त आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं बाई.”

खरं होतं. मी लिहिलं होतं. सोपी खूण म्हणून, “एकूण, मिळून, जास्त: बेरीज, उरले, कमी: वजाबाकी” असा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला फळ्याच्या कडेला करून ठेवला होता. या मुलीला मीनाकडे कमी गोट्या आहेत हे कळलं होतं, तिचं ५७ हे उत्तर बेचाळीसपेक्षा मोठं आहे हेही दिसत होतं, तरी तिने माझ्या नियमावर स्वतःच्या समजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला. चूक तिसऱ्या पायरीवर, आणि तिथे ती मी रुजवलेली. तो तक्ता मी त्याच दिवशी पुसला. तिच्याबरोबर मी दोन पट्ट्या काढल्या, राजूची लांब आणि मीनाची आखूड, आणि पंधरा नेमके कुठे बसतात ते तिलाच दाखवायला सांगितलं. “पेक्षा”ची वाक्यं तिला दिली असती तर ती सगळी बरोबर आली असती आणि गणित पुन्हा चुकलं असतं.

एकच चुकीचं उत्तर, एकच मांडणी, आणि दोन अगदी वेगळ्या सुरुवाती. वहीवर दोघांनाही मी एकच शेरा दिला होता: “उदाहरण नीट वाच.”

बरोबर उत्तरं तपासायलाही हीच रीत लागते. १९७३ साली स्टॅनली एर्लवॅंगर यांनी बेनी नावाच्या सहावीतल्या अमेरिकन मुलाशी केलेलं बोलणं प्रसिद्ध केलं. तो आपल्या आपण पुढे जायच्या एका अभ्यासक्रमात होता, चाचण्या पार करत चालला होता, आणि शिक्षिकेच्या मते त्याची प्रगती चांगली होती. त्याला बोलतं केल्यावर कळलं की दोन दशांश हा अपूर्णांक दशांश रूपात तो १.२ असा लिहितो, कारण तो अंश आणि छेद मिळवून बारा करतो आणि मध्ये टिंब देतो. त्याच्या नियमाने चार छेद अकरा आणि अकरा छेद चार, दोन्ही १.५ येत होते, आणि त्याला त्यात काही खटकत नव्हतं. त्याची समजूत अशी होती की गणितात असे बरेच नियम असतात आणि उत्तरपत्रिकेशी जुळेल तो नियम शोधायचा असतो. हे चाचण्यांना सापडलं नाही. कोणीतरी शेजारी बसून “हे कसं आलं?” विचारलं तेव्हा सापडलं. मी म्हणूनच वर्गातल्या पहिल्या पाच मुलांनाही वर्षात दोनदा तरी बसवते.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही ऐकलेलं सगळं खरं धराल. जे काम मुलाच्या हाताला पूर्ण सवयीचं झालं आहे ते त्याला सांगता येत नाही. “सात अठ्ठे छप्पन्न कसं आलं?” याला “येतं” एवढंच उत्तर असतं, आणि ते खोटं नसतं. काही मुलं नंतर विचारल्यावर एक कारण तयार करून देतात, जे त्यांनी करताना वापरलेलंच नसतं. म्हणूनच वर सांगितलेली पुढच्या गणिताची परीक्षा मी सोडत नाही. मुलाने सांगितलेल्या नियमाने जे चुकीचं उत्तर यायला हवं ते आलं नाही, तर सांगितलेला नियम खरा नाही.

कधी असंही होतं की मोठ्याने म्हणायला लागलं की चूक होतच नाही. मूल आपोआप सावकाश जातं आणि गणित बरोबर येतं. तेव्हा निराश होऊ नका, ही माहितीच आहे. समज शाबूत आहे. एकाच वेळी खूप गोष्टी डोक्यात धरताना काहीतरी सांडतं. अशा मुलाला मी हातचे वर लिहायला लावते आणि गणितांची संख्या कमी करते, नव्याने शिकवत नाही.

आणि भाषा. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी, तांड्यावर गोरमाटी बोलणारी मुलं मराठीत गणित सांगताना शब्दासाठी अडतात आणि आपण ते गणितासाठी अडलं असं समजतो. त्या मुलाला त्याच्या भाषेत म्हणू द्या आणि वर्गातल्याच दुसऱ्या मुलाला मराठीत सांगायला लावा. दुभाषी मूल कधीकधी चूक सुधारून सांगतं, म्हणून त्या दोघांच्याही हाताकडे लक्ष ठेवा. बोट कागदावर कुठे थांबलं हे कोणत्याही भाषेत दिसतं.

आता वेळ. चाळीस मुलांत हे कसं जमवायचं? रोज सगळ्यांना नाही जमत, आणि तशी गरजही नाही. एका मुलाला तीन ते पाच मिनिटं लागतात. मी रोज दोघांना घेते, बाकीचे वहीत सोडवत असताना, फळ्याजवळच्या माझ्या टेबलाशी, पाठ वर्गाकडे करून, म्हणजे इतरांना ऐकू जात नाही. कोणाला घ्यायचं ते वह्या ठरवतात: जी चूक दोन आठवड्यांत पुन्हा आली ते मूल आधी. एकाच चुकीची पाच मुलं असतील तर पाचही घेत नाही, दोघांना घेते, पण दोघांना नक्की. एकाला ऐकून पाचांचं औषध ठरवलं की गोट्यांच्या उदाहरणासारखी फसगत होते.

तुमच्या वर्गात उद्या सुरुवात करायची असेल तर ज्या मुलाचे हातचे कच्चे आहेत असं तुम्हाला वाटतं, त्याला आधी एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे चार आकडे लिहायला द्या, आणि मग ४९ व ५९ वाचायला द्या. अर्धं मिनिट लागेल. ते बरोबर आले, तर कोरा कागद त्याच्यापुढे ठेवा, ३८७ गुणिले ७ लिहा आणि ऐकत बसा.